पत्राचा शेवटचा परिच्छेद

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथील कित्येक गल्ल्यांतून जाताना दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट कानी येतो आणि नवख्या माणसाला शेजाऱ्याशी बोलायचे झाले तरी आवाज चढवावा लागतो. मागांवर काम करणारी अनेक कुटुंबे दूरदूरच्या प्रांतांतून येथे आलेली आहेत. कोणी उत्तर प्रदेशातून, तर कोणी तेलंगणातून. कारखाना चालू असला म्हणजे ती येथे राहतात. तो बंद पडला, की पुष्कळांना बिऱ्हाड आवरून गावाची वाट धरावी लागते.

काही वर्षांपूर्वी तेथील एका शाळेच्या सातवीच्या वर्गातून असाच एक मुलगा निघून गेला. त्याचे वडील ज्या कारखान्यात होते, तो एकाएकी बंद झाला आणि चार दिवसांतच सारे कुटुंब तेलंगणातील आपल्या गावी परतले. मुलाला वर्गाचा निरोपही घेता आला नाही. घरी तेलुगू बोलणारा हा मुलगा मराठी मोठ्या हौसेने वाचत असे. त्यामुळे तो गेला तेव्हा वर्गाच्या ग्रंथपेटीतील तीन पुस्तके त्याच्याकडेच राहिली होती.

वर्षाखेरीस पेटीची मोजदाद झाली. तीन पुस्तके कमी भरली. तेव्हा गुरुजींनी वर्गनायिकेला सांगितले, “साऱ्या वर्गाच्या वतीने त्याला एक पत्र लिही. त्याची खुशाली विचार आणि पुस्तकांचेही पाहा. आधी कच्चा खर्डा कर. तो मला दाखव आणि मगच शाईने उतरव.”

तिसऱ्या दिवशी तिने खर्डा आणला. तो असा होता:

“प्रिय मित्रा, तू गेल्यापासून खिडकीजवळची तुझी जागा आम्ही कोणालाही दिलेली नाही. परवा एक नवा मुलगा तिथे बसू लागला, तेव्हा मागच्या बाकावरची सारी मुले एकदम ओरडली. तो बिचारा घाबरून उठलाच.

“गणिताच्या तासाला तू रिकाम्या कांड्या आणून आम्हाला बेरजा शिकवीत होतास, त्या कांड्या अजून कपाटात आहेत. गुरुजींनी त्या टाकू दिल्या नाहीत.

“कबड्डीत आम्ही या वेळी हरलो. तुझ्यासारखा पाय धरणारा आता कोणी उरला नाही. तुझ्या गावी शाळा कशी आहे? तिथे खेळायला मैदान आहे ना? तुझ्या बाबांना काम मिळाले का? आईला आमचा नमस्कार सांग.

“तसेच आपणास कळविण्यात येते की, आपल्या नावावर वर्गाची तीन पुस्तके दीर्घकाळ थकलेली आहेत. सदर पुस्तके हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांचे आत परत करण्यात यावीत. तसे न झाल्यास किंमत वसूल करण्याबाबत पुढील कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी. कळावे, लोभ असावा.”

गुरुजींनी खर्डा एकदा वाचला. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी कागदाला आडवी घडी घातली, शेवटचा परिच्छेद तेवढा दिसेल असा तो धरला आणि पुढच्या बाकावरील एका मुलाला मोठ्याने वाचावयास सांगितले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “हे पत्र कोणी कोणाला लिहिले असावे?”

मुलगा क्षणभरही न थांबता म्हणाला, “एखाद्या कचेरीने. घरपट्टी थकविणाऱ्या माणसाला.”

वर्ग हसला. मग गुरुजींनी घडी उलगडली व तेच पत्र पहिल्या ओळीपासून वाचविले. या वेळी शेवटास येता येता हसणे आपोआप बंद झाले. वर्गनायिका मात्र गोरीमोरी झाली. ती म्हणाली, “गुरुजी, मी रागाने नाही हो लिहिले. पुस्तके मागायची तर होतीच!”

तिचे म्हणणे खरे होते. तिच्या मनात राग मुळीच नव्हता. परंतु पत्र वाचणाऱ्यासमोर लिहिणाऱ्याचे मन नसते, कागद तेवढा असतो. हा कागद कोण कसा वाचणार, याची कल्पना गुरुजींनी वर्गाला करून दिली. पत्र येताच मुलगा ते घरात मोठ्याने वाचील. वडिलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून एकेक वाक्य तो तेलुगूत सांगत जाईल. खिडकीजवळची जागा ऐकून आई हसेल. कांड्यांचे ऐकून वडिलांनाही बरे वाटेल. शेवटचा परिच्छेद तो वाचील, आणि सांगताना अडखळेल. वडील विचारतील, “पुढे काय लिहिले आहे?” हाताला काम नसलेल्या माणसाला “किंमत वसूल करण्याची कार्यवाही” समजावून सांगावयाची! वाचन संपेल तेव्हा घरात खिडकीची गोष्ट उरणार नाही, वसुलीची उरेल. एवढेच नव्हे, तर आधीचे गोड बोलणे या वसुलीसाठीच होते, असेही त्यांना वाटू शकेल. शेवट थंड झाला, म्हणजे तो मागे जाऊन आरंभाची ऊबही काढून घेतो.

हा बदल नेमका कोठे व कशाने झाला, हे शोधण्यासाठी गुरुजींनी मुलांना शिसपेन्सिली काढावयास सांगितल्या आणि पत्रातील प्रत्येक सर्वनामाभोवती वर्तुळ करविले. पहिल्या तीन परिच्छेदांत वर्तुळे पडली ती “तू”, “तुझी”, “तुझ्या” आणि “आम्ही” यांच्याभोवती. चौथ्यात “आपणास” आणि “आपल्या” हे शब्द होते आणि “आम्ही” तर कोठेच नव्हते. “आपण” हा शब्द काही वाईट नाही. वडीलधाऱ्यांना आपण आदराने तसेच लिहितो, आणि पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत “आपण” असलेले पत्र अत्यंत प्रेमळही असू शकते. पण रोज “तू” म्हणणारी आई एखाद्या दिवशी “आपण जेवणार आहात का?” असे विचारू लागली, तर आदर वाढला असे कोणते मूल समजेल? ते आधी आपले काय चुकले ते आठवू लागेल. अंतर पडते ते शब्दाने नव्हे, मध्येच शब्द बदलल्याने.

त्यानंतर क्रियापदांची पाळी आली. गुरुजींनी फळ्यावर एकाखाली एक असे लिहिले: “पुस्तके पाठव.” “पुस्तके पाठवशील ना?” “तू पुस्तके पाठवावीस.” “पुस्तके पाठवावीत.” “पुस्तके पाठविण्यात यावीत.” पाचही वाक्यांत मागणी एकच आहे. परंतु जसजसे खाली उतरावे, तसतशी माणसे नाहीशी होत जातात. “पाठव” म्हणताना बोलणारा व ऐकणारा समोरासमोर उभे असतात. “पाठवशील ना?” मध्ये उत्तराला जागा ठेवलेली आहे. ऐकणारा “हो” म्हणू शकतो किंवा आपली अडचण सांगू शकतो. “पाठवावीस” पर्यंतही “तू” टिकून आहे. “पाठवावीत” मध्ये तो लोपला. आणि “पाठविण्यात यावीत” असे म्हटले, की कोण पाठविणार आणि कोणासाठी, काहीच दिसत नाही. “कार्यवाही करण्यात येईल” या वाक्याचेही तसेच. ती कोण करणार? वर्गातली हीच चाळीस मुले ना? पण “आम्ही तुझ्याकडून पैसे घेऊ” असे लिहिण्याचे धैर्य त्यांच्यापैकी एकालाही झाले नसते. कर्ता लपला, म्हणूनच हे वाक्य लिहिता आले. सरकारी सूचनेत कर्ता लपविण्याला कारण असते, कारण ती सूचना एका माणसाची नसते व एका माणसासाठीही नसते. मित्राच्या पत्रात ते कारण नाही.

आणखी एक खूण एका मुलीने स्वतःहून दाखविली. आधीच्या परिच्छेदांत खिडकी आहे, कांड्या आहेत, कबड्डी आहे. हे पत्र दुसऱ्या कोणाला पाठविताच येणार नाही. शेवटच्या परिच्छेदात मात्र पुस्तकांची नावेसुद्धा नाहीत. त्यावर कोणाचाही पत्ता घातला तरी चालेल. तिचे हे म्हणणे गुरुजींना इतके पसंत पडले, की त्यांनी ते वहीत उतरवून घेण्यास सांगितले.

मग ते वर्गनायिकेकडे वळले. “मुली, हे सारे तू एका बैठकीत लिहिलेस का?”

“नाही गुरुजी. पहिले तीन परिच्छेद शनिवारी घरी लिहिले. शेवटचा सोमवारी मधल्या सुट्टीत, ग्रंथपेटीजवळ बसून.”

ग्रंथपेटीच्या झाकणावर नियमांचा कागद चिकटविलेला होता. “सदर पुस्तके”, “आठ दिवसांचे आत”, “कार्यवाही” हे शब्द त्या कागदावर जसेच्या तसे होते. तिला मागताना संकोच वाटत होता. आपल्या शब्दांत मागावे कसे ते सुचेना, म्हणून समोरचे तयार शब्द तिने उचलले. बहुतेक वेळा असेच घडते. मागणे, नकार देणे, चूक दाखविणे ही अवघड कामे पत्राच्या शेवटासाठी राखली जातात, आणि ती वेळ आली की लिहिणारा संकोचाने कचेरीच्या भाषेआड लपतो. राग नसतानाही पत्र थंड होते, ते यामुळे.

एका मागवाल्याच्या मुलाला हे चटकन समजले. मागावर धोट्यातील कांडीचे सूत संपले, की दुसरी भरलेली कांडी घालावी लागते. नव्या कांडीचे सूत थोडे निराळ्या जातीचे असले, तर तेथून पुढे कापडात आडवा पट्टा पडतो. कोऱ्या कापडात तो पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. कापड रंगवून आले म्हणजे मात्र स्पष्ट दिसतो. तो मुलगा म्हणाला, “गुरुजी, हिची शनिवारची कांडी संपली आणि सोमवारी दुसरीच घातली!”

पत्राच्या शेवटाकडे इतके बारकाईने पाहणे ही काही नवी गोष्ट नव्हे. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली. त्या काळच्या मराठी पत्रव्यवहारात आरंभीच्या मायन्याइतकाच शेवटही ठरलेला असे. अधिकाऱ्याला पाठविलेल्या आज्ञापत्राच्या अखेरीस “जाणिजे” असे येई. विनंती करणाऱ्याच्या पत्रात “हे विज्ञापना” किंवा “हे विनंती” असे असे, तर वडीलधाऱ्याच्या पत्रात “हे आशीर्वाद”. महाराजांच्या पत्रांच्या शेवटी “मर्यादेयं विराजते” अशा अक्षरांची लहान मुद्रा उठविली जाई. पत्राची मर्यादा येथे संपली, असा तिचा अर्थ. तिच्याखाली कोणाला काही घुसडता येत नसे. मायना स्नेह्याचा आणि शेवट हुकमाचा, असे पत्र त्या काळच्या जाणत्या कारकुनाने धन्यापुढे ठेवले नसते. आता हे सारे मायने मागे पडले आहेत. “कळावे, लोभ असावा” एवढेच आपल्यापाशी उरले आहे, आणि तेही इतके सवयीचे झाले आहे, की वसुलीच्या धमकीखाली ते लिहिताना वर्गनायिकेला काही खटकले नाही. थंड परिच्छेदाखाली लिहिलेल्या या तीन शब्दांनी ऊब येत नाही. उलट ते शब्दच पोकळ वाटू लागतात.

येथे एका मुलाने शंका काढली. “गुरुजी, मग पत्रात कधी कठोर लिहूच नये का?”

गुरुजींनी त्याला महात्मा जोतीराव फुले यांच्या पत्राची हकिकत सांगितली. 1885 मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जोतीरावांना तिचे निमंत्रण पाठविले. जोतीरावांच्या उत्तराच्या आरंभी पत्र मिळाल्याचा आनंद आहे, पण पुढे लगेच नकार आहे. सर्व माणसांचे हक्क जे उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपला मेळ बसणार नाही, असे त्यांनी आपल्या नावाने, आपल्या शब्दांत, कारण देऊन लिहिले. ही कठोरता शेवटास चुकून शिरलेली नाही. ती सांगण्यासाठीच ते पत्र आहे. कठोर व्हावयाचे असेल, तर ते असे समोर उभे राहून व्हावे. वर्गनायिकेला तर कठोर व्हावयाचेच नव्हते.

आता दुरुस्ती. एका मुलाने शेवटच्या परिच्छेदाच्या आरंभी “लाडक्या मित्रा, कृपा करून” एवढे घालावे असे सुचविले. ते घालून वाचताच सर्वांना हसू आले, कारण “लाडक्या मित्रा, कृपा करून सदर पुस्तके परत करण्यात यावीत” हे मूळ वाक्याहूनही विचित्र झाले. दुसरा म्हणाला, पुस्तकांचा विषयच काढून टाकावा. पत्र गोड झाले असते खरे, पण पुस्तके आली नसती, आणि त्यांतील एक पुस्तक सहावीची एक मुलगी कधीची मागत होती. गोड राहण्यासाठी जे सांगावयाचे तेच न सांगणे, ही दुरुस्ती नव्हे.

शेवटी वर्गनायिकेने पुस्तकांचा मजकूर शेवटून उचलला आणि कांड्यांच्या परिच्छेदाला जोडला, कारण कपाटाची गोष्ट तेथे निघालीच होती. तो असा झाला:

“त्याच कपाटात आपली ग्रंथपेटी आहे. परवा आम्ही पुस्तके मोजली. तीन कमी आली, आणि ती तुझ्याकडे आहेत हे वहीत पाहून आम्हाला हायसे वाटले, कारण ती हरवली असे वाटले होते. त्यांतील पक्ष्यांचे पुस्तक सहावीतली एक मुलगी रोज मागते. ती तू पाठवशील का? टपालाची तिकिटे आम्ही वर्गणी काढून सोबत घातली आहेत. घाईत एखादे पुस्तक हरवले किंवा फाटले असेल, तर तसे कळव. आपण काहीतरी तोड काढू.”

आणि पत्राचा शेवट आईला केलेल्या नमस्कारावर झाला.

हे नवे पत्र पहिल्यापेक्षा काही फार गोड नाही. “लाडक्या” नाही, “कृपया” नाही. मागणी तर अधिक स्पष्ट आहे, कारण कोणते पुस्तक कोणाला हवे आहे ते आता कळते. मुलाला उत्तर देणेही सोपे झाले. पुस्तक फाटले असेल तर ते सांगावयाला जागा आहे. जुन्या पत्रात ती नव्हती. धमकीला भिऊन त्याने बहुधा उत्तरच दिले नसते.

गुरुजींनी नवा खर्डाही लगेच शाईने उतरवू दिला नाही. एक रात्र तो पेटीत ठेविला. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या दिवशी गैरहजर राहिल्यामुळे ज्याने तो ऐकला नव्हता, अशा एका मुलाला त्यांनी तो उलट्या क्रमाने वाचावयास दिला: आधी शेवटचा परिच्छेद, मग पहिला. लिहिणाऱ्याला आपले पत्र पाठ झालेले असते. आरंभाची ऊब डोक्यात घेऊनच तो शेवटास पोचतो आणि शेवटही त्याला उबदारच वाटतो. म्हणून शेवट आधी वाचावा, आणि शक्य तर दुसऱ्याने वाचावा. त्या मुलाने दोन्ही परिच्छेद वाचले आणि विचारले, “हे एकाच माणसाने लिहिले आहे ना? मग यात शोधायचे काय?”

पत्र टपालात पडले. तीन आठवड्यांनी एक पुडके आले. त्यात दोन पुस्तके होती. तिसऱ्याची पहिली काही पाने धाकट्या भावाने फाडली होती. ती पाने तो वहीच्या कागदावर हाताने पुन्हा लिहून काढीत होता, म्हणून त्या पुस्तकाला आणखी आठ दिवस लागतील, असे त्याने कळविले होते. पक्ष्यांचे पुस्तक मात्र सर्वांत वर बांधलेले होते.

स्वाध्याय

1. पुढील दोन शेवटांपैकी एक आरंभापासून तुटलेला आहे. तो कोणता, हे सर्वनामे व क्रियापदे पाहून ठरवा. दोन्ही पत्रांचा आरंभ “पूज्य आजोबा, आपण पाठविलेले आंबे पोचले. पेटी उघडताच घरभर वास सुटला” असा आहे.
(अ) “आपण मागितलेली औषधे आज पाठवीत आहे. पोचल्याचे अवश्य कळवावे. उशीर झाला, याची मला क्षमा करावी.”
(आ) “औषधे रवाना करण्यात आली आहेत. पोच न मिळाल्यास पुढील औषधे पाठविली जाणार नाहीत.”

2. तुटलेला शेवट आपल्या शब्दांत पुन्हा लिहा. त्यातील कोणतीही माहिती गाळू नका.

3. “आणावी”, “आणशील का?”, “आणण्यात यावी”, “आण” हे चार प्रयोग प्रत्येकी एका वाक्यात वापरा आणि ते वाक्य कोण कोणाला म्हणत आहे, ते पुढे लिहा.